‘या पत्रावर भरवसा ठेवू नका’ असं पत्र

आमचं मशीन शॉप गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते मशीनिंग करून पंप आणि व्हॉल्व्हवाल्यांना देतो. मी तिथं अकाउंट्स बघते, अकरा वर्षं झाली. २०२५ च्या जूनमध्ये दादांनी, म्हणजे मालकांनी, सीसी, म्हणजे धंदा फिरवायला बँक देते ते कॅश क्रेडिट कर्ज, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं. व्याज पाऊण टक्क्यानं कमी पडत होतं. नव्या बँकेच्या मंजुरीपत्रात एक अट होती : विक्रीची सगळी वसुली आमच्याच खात्यातून फिरली पाहिजे. जुनी सीसी नवी बँक फेडणार, जुनं खातं बंद होणार. मी हात जोडून सांगितल्यावर जुन्या बँकेनं कागदपत्रं सोडवून होईपर्यंत, साधारण दीड महिना, खातं चालू ठेवायला होकार दिला. तेवढ्या दिवसांत त्रेचाळीस पार्ट्यांना नवा नंबर कळवायचा होता.

दादा म्हणाले, “त्यात काय? लेटरहेडवर पत्र काढ, सही घे, मेल कर सगळ्यांना.”

पत्र काढलंसुद्धा. ‘आपणास कळविण्यात येते की आमच्या बँक खात्यात बदल झाला असून यापुढील सर्व पेमेंट खालील खात्यावर करावे.’ खाली नंबर, आयएफएससी, शिक्का. वाचून बघितलं आणि हात थांबला. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका टूलिंग सप्लायरच्या नावानं मला अगदी असंच पत्र आलं होतं, शब्दाला शब्द. तेव्हा मी चहा देणाऱ्या पोराच्या हातून चौकशी केली, कारण त्या सप्लायरचं शॉप आमच्या मागच्याच गल्लीत आहे. तो म्हणाला, “आमचं खातं कधी बदललंय?” आता माझ्या पत्रात आणि त्या खोट्या पत्रात वाचणाऱ्याला फरक काय दिसणार होता? लेटरहेड? ते आमच्या कुठल्याही जुन्या कोटेशनवरून उचलता येतं. शिक्का, सही? तेही त्याच पीडीएफमध्ये असतात. आमच्या मेलवरून आलं म्हणून खरं म्हणावं, तर मेलचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात नाही हे पार्टीला कसं कळणार?

थोडक्यात, खरं पत्र स्वतःच्या बळावर स्वतःला खरं ठरवू शकत नाही. पार्टीनं पत्राच्या बाहेरून कुठून तरी खात्री करायला हवी, आणि तसं करायला आपणच तिला सांगायला हवं. हे दादांना पटवायला मला दोन दिवस लागले. त्यांचं म्हणणं, “आपणच म्हणायचं आमच्यावर विश्वास ठेवू नका? लोक काय म्हणतील?”

शेवटी आम्ही काम दोन टप्प्यांत केलं. १० जुलैला जो मेल गेला त्यात खात्याचा नंबरच नव्हता. मजकूर साधारण असा होता :

‘१ ऑगस्टपासून आमचं बँक खातं बदलत आहे. या मेलमध्ये नवा नंबर मुद्दाम दिलेला नाही. नंबर, बँकेचं सही-शिक्क्याचं पत्र आणि कॅन्सल चेक कुरिअरनं किंवा आमच्या माणसाच्या हातानं येईल. तो आल्यावरही लगेच पैसे पाठवू नका. तुमच्याकडे आमचा जो जुना नंबर आहे, म्हणजे मागच्या वर्षीच्या बिलावरचा किंवा तुमच्या परचेसवाल्यांच्या मोबाइलमधला, त्यावर फोन करून खात्याचे शेवटचे चार आकडे आम्हाला विचारा. या मेलमध्ये आम्ही फोन नंबर दिलेला नाही, तोही मुद्दाम. आणि ३१ मार्चपर्यंत आमचं खातं पुन्हा बदलणार नाही. बदललं, दुरुस्ती आली, ऑडिटचं कारण आलं, तर ते खोटं समजा.’

शेवटचं वाक्य मी आपली एक काळजी म्हणून घातलं होतं. पुढं त्यानंच वाचवलं, ते सांगतेच.

मेलच्या खाली सवयीनं सही येते ना, नाव, हुद्दा, मोबाइल, तीही त्या दिवशी काढून टाकली. कारण फसवणारा याच जागी स्वतःचा नंबर टाकतो. पार्टीचा माणूस प्रामाणिकपणे ‘खात्री’ करतो, पण करतो कुणाशी? तर त्या चोराशीच.

दुसऱ्या टप्प्यात कागद. इथं एक गंमत झाली. नव्या बँकेनं खातं उघडताना जे चेकबुक हातात दिलं त्यावर आमचं नावच छापलेलं नव्हतं. असले बिननावाचे चेक सुरुवातीच्या किटमध्ये देतात. चाकणच्या आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीच्या व्हेंडर पोर्टलवर मी तो कॅन्सल करून चढवला, तर दुसऱ्या दिवशी परत : नाव नाही, चालणार नाही. मग शाखेत जाऊन मॅनेजरकडून पत्र घेतलं. खात्याचं पूर्ण नाव, नंबर, आयएफएससी, खात्याचा प्रकार, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि बँकेचा शिक्का. छापील नावाचं चेकबुक बारा दिवसांनी आलं. ज्याला हे करायचंय त्यानं चेकबुक आल्याशिवाय तारीख जाहीर करूच नये. आम्ही केली आणि चाकणचं एक पेमेंट सायकल त्यात हुकलं. त्यांच्याकडे बँक बदलाचा अर्ज गेला की पेमेंटला कुलूप लागतं. एकजण भरतो, दुसरा तपासतो, तिसरा आपल्याला फोन करतो, आणि मग कुलूप निघतं. त्यांच्या बाईंनी फोनवर मला जीएसटी नंबर, शेवटच्या तीन बिलांचे नंबर आणि रकमा विचारल्या. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. पण महिनाअखेरीला पगार करताना ते बरं वाटणं कामाला येत नाही, हेही खरं.

खात्याच्या नावाचीही भानगड आहे. एनईएफटी, आरटीजीएस करताना नाव काहीही लिहिलं तरी पैसे नुसत्या नंबरावर जातात. बँक नाव आणि नंबर जुळतात का ते बघत नाही. पुष्कळ लोकांना हे आजही ठाऊक नाही. नाव बरोबर टाकलं म्हणजे पैसे त्या नावालाच जाणार असं त्यांना वाटतं. ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना सोय द्यायला सांगितली की पैसे पाठवणाऱ्यानं नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या खात्याचं नोंदलेलं नाव त्याला स्क्रीनवर दिसलं पाहिजे, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. चांगलीच सोय आहे. पण आमच्या नव्या बँकेनं सिस्टीममध्ये आमचं नाव जरा तोडून बसवलं होतं, ‘इंजिनिअरिंग’चे नुसतेच ‘इंजि’. आता नाव जुळवून बघा असं आपणच लिहायचं आणि पार्टीला स्क्रीनवर वेगळंच दिसायचं! म्हणून मी आधी आमच्या घरच्या खात्यातून नवा नंबर बेनिफिशिअरी म्हणून टाकला, स्क्रीनवर काय दिसतं ते कागदावर उतरून घेतलं आणि कागदपत्रांसोबत गेलेल्या पत्रात लिहिलं : ‘नाव असंच, इतकंच दिसेल. एक अक्षरही वेगळं दिसलं तर थांबा आणि फोन करा.’

कुरिअर पोचायला लागले तसे फोन येऊ लागले. यायला हवे होते तेवढे मात्र आले नाहीत. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीसपैकी एकोणीस आले. सांगलीच्या एका पार्टीनं तर कमालच केली. आमच्या ड्रायव्हरनं पाकीट दिलं, त्यांच्या पोरानं त्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर टाकला, आणि मालकानं तासाभरात दोन लाख पंधरा हजार पाठवूनही दिले. दादा खूश. मी सांगलीवाल्यांना फोन लावून भांडले. म्हटलं, काका, पत्रात तीनदा लिहिलंय फोन करा म्हणून. ते हसले. “अगं, तुमचा ड्रायव्हर आला होता की, त्याला आम्ही ओळखतो.” तशी ओळख होती, हे खरं. पण ड्रायव्हर ज्या पाकिटावर भरवसा ठेवून आला त्यात काय आहे हे ड्रायव्हरला तरी कुठं माहीत होतं!

जे फोन करत होते त्यांच्यासाठी मी एक युक्ती केली. पार्टीला सांगायचं, तुमच्या मनातली कुठलीही छोटी रक्कम पाठवा, पैशांसकट. एक रुपया सदतीस पैसे, दोन रुपये अकरा पैसे, काहीही. आकडा मला सांगू नका. पाठवून झालं की जुन्या नंबरवर फोन करा, मी तुम्हाला आकडा सांगते. आकडा जुळला म्हणजे ते खातं माझ्याच हातात आहे हे तुम्हाला कळलं. नुसता एक रुपया पाठवून ‘गेला’ असा मेसेज आला, तर त्यातून एवढंच कळतं की असं एक खातं जगात आहे. ते कुणाचं आहे ते कळत नाही. चोराच्या खात्यातही रुपया जातोच की.

ही युक्ती मला पक्की वाटत होती. तिला भोक आहे हे २३ ऑगस्टला कळलं.

तो महिन्याचा चौथा शनिवार होता, बँका बंद. गणपती बुधवारी बसणार, त्यामुळे शॉपमध्ये कामगारांची उचल द्यायची घाई. दुपारी चारच्या सुमारास लँडलाइन वाजली. राजकोटची पंपवाली पार्टी, त्यांचे अकाउंट्सवाले भाई. आमचं त्यांच्याकडून सहा लाख चौऱ्याऐंशी हजार तीनशे वीस येणं होतं, दोन बिलांचं.

“बेन, एक सवाल है. आपका खाता फिर से बदला क्या?”

माझ्या हातातला पेन खालीच पडला. सकाळी त्यांना मेल आला होता. आमचं लेटरहेड, दादांची सही, आमच्या जुलैच्या पत्राचा संदर्भ तारखेसकट. ‘आधी कळवलेल्या खात्यात ऑडिटची अडचण आल्यामुळे सध्या खालील खात्यावर पेमेंट करावे, कृपया आज संध्याकाळपर्यंत.’ भाईंनी मला तो पुढं पाठवला. पत्ता मी तीनदा वाचला तरी मला आमचाच वाटला. मग अक्षर अक्षर मोठं करून बघितलं. आमच्या डोमेनमध्ये एक `m` आहे, त्या जागी `rn` होतं. छोट्या अक्षरात ही दोन चिकटून बसतात आणि एकच दिसतात. मेल वाचताना आपण नाव वाचतो, अक्षरं मोजत नाही.

भाईंनी आमच्या सांगण्याप्रमाणे खात्रीही केली होती, हा भाग मला सगळ्यात बोचला. मेलखाली मोबाइल नंबर होता. त्यावर फोन केला, समोरच्यानं आमच्या कंपनीचं नाव घेऊन फोन उचलला. भाईंनी जुलैत माझ्याबरोबर केला होता तसाच खेळ केला : एक रुपया पाठवला. नेमका एक, पैसे न लावता. समोरचा म्हणाला, हो, एक रुपया मिळाला. का नाही मिळणार? खातं त्याचंच, फोनही त्याचाच. आणि भाईंनी पैसे लावून पाठवले असते तरी त्यानं आकडा बरोबरच सांगितला असता. माझ्या त्या युक्तीचा सगळा जीव फोन कुठल्या नंबरवर केला यात होता, आणि मी पार्ट्यांना सांगताना भर दिला होता रकमेवर. रकमेची मजा लक्षात राहते, जुन्या नंबरची गोष्ट विसरली जाते.

भाई थांबले ते दोन गोष्टींनी. बेनिफिशिअरी टाकताना स्क्रीनवर आमचं नाव न येता कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं. त्यांनी त्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, आमचीच दुसरी फर्म आहे. तेवढ्यावर भाई बहुतेक मानलेही असते, कारण घरातल्या दोन-दोन फर्म असणं आपल्याकडे नवं नाही. पण त्यांच्या फाइलला आमचं जुलैचं पत्र लावलेलं होतं, आणि त्यातली शेवटची ओळ त्यांनी हिरव्या पेनानं अधोरेखित केली होती : ऑडिटचं कारण आलं तर खोटं समजा. मग त्यांनी गेल्या वर्षीचं बिल काढलं आणि त्यावरच्या लँडलाइनला फोन लावला.

सहा लाख चौऱ्याऐंशी हजार गेले असते तर ते कुणाचे गेले असते, यावर आमच्यात रात्री बराच वाद झाला. दादांचं म्हणणं, आपल्या खात्यात आले नाहीत म्हणजे त्यांचं देणं तसंच राहिलं. कागदावर ते बरोबर असेल. पण पार्टी म्हणाली असती, पत्र तुमच्या लेटरहेडवर होतं आणि तुमच्या मागच्या पत्राची तारीख त्या चोराला कुणी सांगितली?

तो प्रश्न खराच होता. आमच्या जुलैच्या पत्राची खबर बाहेर गेली कशी? रविवारी माझा भाचा येऊन बसला. त्यानं मेलच्या सेटिंगमध्ये Forwarding उघडलं आणि डिस्पॅचच्या मेल खात्यात एक अनोळखी पत्ता निघाला. ज्या मेलमध्ये ‘payment’ किंवा ‘bank’ शब्द असेल त्याची एक प्रत गुपचूप तिकडे जात होती. किती दिवसांपासून, देव जाणे. त्या खात्याचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढं १२३ होता, तो मीच ठेवला होता. पासवर्ड बदलून हे सुटत नाही, हे मला भाच्यानं दाखवलं. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो आणि मेल जातच राहतात. नियम शोधून हातानं काढावा लागतो, मग सगळीकडून लॉगआउट, मग नवा पासवर्ड आणि मोबाइलवरची दुसरी खात्री.

त्याच संध्याकाळपासून मी उरलेल्या बेचाळीस पार्ट्यांना फोन करत बसले. मेल नाही, फोनच. चोपडीत प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलं, कुणाशी बोलले, किती वाजता, शेवटचे चार आकडे त्यांनी वाचून दाखवले का. वाचून त्यांनी दाखवायचे, मी सांगायचे नाहीत. मी सांगितले तर ते नुसतं ‘हो हो’ म्हणतात. आणखी दोघांकडे तसाच मेल पोचलेला निघाला. एकानं उघडलाच नव्हता, दुसऱ्यानं पुढच्या आठवड्याच्या पेमेंटच्या फाइलला लावून ठेवला होता.

पैसे गेले नव्हते, तरी cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. ज्या बँकेत ते ट्रेडर्सचं खातं होतं तिलाही राजकोटच्या भाईंनी त्यांच्या बँकेमार्फत कळवलं. पैसे गेले असते तर १९३० वर फोन करायचा असतो आणि तो मिनिटांच्या हिशोबानं करायचा असतो, कारण पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. शनिवार-रविवार तर नाहीच. एनईएफटी रात्रंदिवस चालतं, पण शाखेत फोन उचलायला कुणी नसतं. मला वाटतं म्हणूनच तो मेल चौथ्या शनिवारी आला.

बाकीची कामं किरकोळ होती. जीएसटी पोर्टलवर नवं खातं चढवलं, टॅलीत बिलावर छापून येणारा बँकेचा तपशील बदलला, कोटेशनचे जुने नमुने शोधून काढले. हे नमुने मात्र त्रास देतात. ऑक्टोबरमध्ये सेल्सच्या मुलानं जुन्या फाइलवरून कोटेशन पाठवलं आणि इचलकरंजीच्या पार्टीनं बंद झालेल्या खात्यावर ॲडव्हान्स टाकला. तो त्याच दिवशी त्यांच्याकडे परत गेला, एवढं नशीब. बिलांवर आता बँकेच्या तपशिलाखाली एक ओळ छापतो : खातं बदलल्याचं कळलं तर आधी जुन्या नंबरवर फोन.

मार्चच्या आधी ऑडिटर आले. नव्या खात्याच्या लेजरवर बोट ठेवून म्हणाले, “हे काय? एक रुपया सदतीस पैसे, दोन रुपये अकरा, एक रुपया शहाण्णव... सगळे मिळून एकाहत्तर रुपये अठरा पैसे. हे उत्पन्न धरायचं का येणं?” मी गोष्ट सांगितली. त्यांनी ज्याचे त्याच्या खात्याला जमा करायला लावले, आणि बॅलन्स कन्फर्मेशनच्या पत्रांत आता सगळीकडे असे विचित्र पैसे दिसतात. राजकोटच्या भाईंच्या उताऱ्यात मात्र आमच्या नावापुढं एक रुपया नावे पडलेला आहे, जो आम्हाला मिळालाच नाही. मी त्यांना फोन केला, म्हटलं भाई, हा आमच्या खात्यातून काढा. ते म्हणाले, “रहने दो बेन, इसको मैं निकालूंगा नहीं.”